प्रस्तावना : पाइपाचा आतला व्यास

वरच्या टाकीतून गावातल्या टाकीत उताराने पाणी आणणारी योजना फसते, तेव्हा पाणी येतच नाही असे सहसा घडत नाही. पाणी येते, पण ठरलेल्या तासांत टाकी भरत नाही. उद्घाटनाच्या दिवशी सगळे ठीक असते, कारण त्या दिवशी तास कोणी मोजत नाही. पुढच्या उन्हाळ्यात शेवटच्या आळीच्या नळाला करंगळीएवढी धार येऊ लागते आणि ग्रामसभेत पाणी सोडणाऱ्या माणसावर खापर फुटते. त्या बिचाऱ्याने व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असतो. पाणी कमी पडण्याचे कारण जमिनीखाली मीटरभर खोल पुरलेले असते, आणि ते तिथे कायमचे असते.

ही पुस्तिका त्या कारणाबद्दल आहे. पाणीपुरवठ्याच्या वाहिनीचा व्यास हेझन-विल्यम्स सूत्राने कसा काढावा हे तिच्यात सांगितले आहे, आणि शाखा अभियंत्याबरोबर पाणी समितीच्या सदस्यालाही कळेल अशा भाषेत सांगितले आहे. सूत्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. आज ते मोबाइलवरही सुटते. चूक सूत्रात होत नाही. सूत्रात घालायचे आकडे कुठून आले आणि सूत्रातून निघालेल्या आकड्याचे पुढे काय केले, या दोन ठिकाणी योजना बिघडतात. म्हणून या प्रस्तावनेत मी एकच उदाहरण घेतो आणि ते शेवटपर्यंत नेतो. आकडे नमुन्याचे आहेत, पण घाटमाथ्यावरच्या कोणत्याही वाडीला थोड्या फरकाने लागू पडावेत असे आहेत.

टेकडीवर शुद्ध पाण्याची मोठी टाकी आहे. तिच्यातून तीन-चार गावांना आळीपाळीने पाणी सुटते. आपल्या गावाची, योजनेच्या शेवटच्या वर्षी धरलेली लोकसंख्या 1,500. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर, म्हणजे 82,500 लिटर. वाहिनीत सोडलेल्या पाण्यापैकी 15 टक्के गळतीत जाईल असे धरले, तर रोज सुमारे 97,000 लिटर सोडावे लागतील. टेकडीवरच्या टाकीपासून गावातल्या उंच टाकीपर्यंत वाहिनीची लांबी 2,400 मीटर.

आता पहिला प्रश्न येतो आणि तो सूत्राच्या आधीचा आहे: हे पाणी किती तासांत पोहोचवायचे? वाहिनी दिवसभर आपल्यासाठी खुली असती तर सेकंदाला सव्वा लिटरसुद्धा पुरले नसते का, असे कोणी विचारील, आणि ते खरेच आहे. पण आळीपाळी आहे. आपल्या वाट्याला 10 तास आले तर सेकंदाला 2.7 लिटर वाहावे लागतील. 8 तास आले तर 3.37 लिटर. कागदावर हा दोन तासांचा फरक किरकोळ वाटतो. थोड्याच वेळात दिसेल की व्यास बदलायला तो पुरेसा आहे. म्हणून अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर तास लिहिलेले असावेत आणि त्या तासांना बाकीच्या गावांची संमती घेतलेली असावी. आपण 8 तास धरून चालू.

दुसरा प्रश्न पातळीचा. वरच्या टाकीतले पाणी सर्वांत खाली जाते तेव्हा त्याची पातळी 638 मीटर. गावातली टाकी जिथे उभी आहे तिथली जमीन 606 मीटरवर, खांबांची उंची 12 मीटर, टाकीची खोली 3 मीटर. पाणी वरून पडते, म्हणून तोंडाची पातळी 621. दोन्हींतला फरक 17 मीटर. आपल्याजवळचे सगळे हेड एवढेच आहे. पंप नाही, वीज नाही. ही 17 मीटरची उंची हेच पाण्याला ढकलणारे बळ.

इथे दोन गोष्टी नीट पाहाव्या लागतात. वरची पातळी घेताना भरलेल्या टाकीची घ्यायची नाही, रिकामी होत आलेल्या टाकीची घ्यायची. आणि खाली घेताना जमिनीची नव्हे, तर जिथून पाणी पडते त्या तोंडाची. भरलेल्या टाकीची 641 ही पातळी आणि गावची जमीन धरणारा माणूस या उदाहरणात 35 मीटर हेड असल्याचे समजेल. आकडा दुपटीहून मोठा झाला, की पुढचे गणित कितीही काळजीपूर्वक करा, पाइप बारीकच निघणार.

या 17 मीटरपैकी सगळे घर्षणात घालवायचे नाहीत. तोंडाशी 3 मीटर शिल्लक राहावेत असे मी धरतो. हे 3 मीटर कशासाठी, ते पुढे कळेल. उरले 14. त्यातून बेंड, व्हॉल्व्ह, जोड यांच्यासाठी घर्षणाच्या 10 टक्के वेगळे काढायचे, म्हणजे 14 भागिले 1.1. सरळ पाइपाच्या घर्षणासाठी 12.73 मीटर राहिले. 2,400 मीटर लांबीत 12.73 मीटर, म्हणजे किलोमीटरमागे 5.3 मीटर. परवानगी असलेला हेडलॉस म्हणतात तो हा. तो कुठल्याही कोष्टकात मिळत नाही. तो त्या गावच्या जमिनीतून, लेव्हलिंगच्या पुस्तकातून निघतो.

आता सूत्र. अ‍ॅलन हेझन आणि गार्डनर विल्यम्स हे दोघे अमेरिकी अभियंते. हेझन पाणी गाळण्याच्या शास्त्रातले मोठे नाव. वाळूच्या कणांचा ‘परिणामी आकार’ ही कल्पना त्याची. विल्यम्सने डेट्रॉइट शहराच्या मोठ्या वाहिन्यांवर प्रत्यक्ष मोजमापे केली होती. 1905 साली दोघांनी मिळून कोष्टकांचे पुस्तक काढले. त्याआधी शेझी या फ्रेंच अभियंत्याचे सूत्र प्रचारात होते. त्यात वेग हा उताराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो असे धरले जाई आणि त्यामुळे त्यातला गुणक प्रत्येक व्यासाला, प्रत्येक उताराला बदलावा लागे. या दोघांनी उपलब्ध मोजमापे समोर ठेवली आणि घातांक असे निवडले की गुणक जवळपास स्थिर राहावा आणि तो फक्त पाइपाच्या आतल्या पृष्ठभागावर अवलंबून असावा. उताराचा घातांक 0.5 ऐवजी 0.54 आला तो असा. तो कोणत्याही सिद्धांतातून निघालेला नाही, मोजमापांवर बसवलेला आहे. सूत्र अनुभवजन्य आहे म्हणजे नेमके हेच.

मीटर आणि सेकंदाच्या एककांत ते असे लिहितात:

```
h = 10.67 × L × Q^1.852 / (C^1.852 × D^4.87)
```

h म्हणजे घर्षणात गेलेले हेड, मीटरमध्ये. L लांबी, मीटरमध्ये. Q प्रवाह, घनमीटर प्रति सेकंद. म्हणजे आपले 3.37 लिटर इथे 0.00337 होतात. D आतला व्यास, मीटरमध्ये. C हा गुळगुळीतपणाचा गुणक. तो जितका मोठा तितका पाइप आतून गुळगुळीत.

सूत्रात आकडे भरण्याआधी घातांकांकडे बघण्याची सवय लावावी असे मला मनापासून वाटते, कारण सगळा स्वभाव त्यांच्यात आहे. प्रवाह दुप्पट केला तर हेडलॉस दुप्पट होत नाही, 3.6 पट होतो. C 140 वरून 100 वर आला तर हेडलॉस 1.87 पट होतो. आणि व्यास? तो निम्मा केला तर हेडलॉस 29 पट. व्यासात नुसती 5 टक्क्यांची तूट आली तरी हेडलॉस 28 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे लोकसंख्येच्या अंदाजात थोडी चूक झाली तर योजना ती सोसते. व्यासातली चूक ती सोसत नाही.

आपण एचडीपीई पाइप घेणार आहोत. त्याला नवा असताना C 150 च्या आसपास मिळतो. मी 140 धरतो. सूत्र उलटे करून व्यास काढायचा:

```
D = (10.67 × Q^1.852 × L / (C^1.852 × h))^(1/4.87)
```

L ला 2,400, h ला 12.73, Q ला 0.00337 आणि C ला 140 घातले की D येतो 0.0836 मीटर. म्हणजे 83.6 मिलिमीटर. 10 तासांचा प्रवाह घातला असता, तर हाच आकडा 76.8 आला असता.

83.6 चा पाइप बाजारात नाही. त्याच्या वरचा आकडा 90. इथवर आलेला माणूस समाधानाने 90 लिहितो, वर सहा-साडेसहा मिलिमीटर जास्तच मिळाले असे समजतो, आणि अंदाजपत्रक मंजुरीला जाते. चूक झाली ती इथे.

एचडीपीई पाइपावर छापलेला आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. 90 मिलिमीटर म्हणजे भिंतींसकट 90. भिंत किती जाड, ते दाबाच्या वर्गावर ठरते. बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या 17 पट असलेला, म्हणजे एसडीआर 17 चा पाइप घेतला, तर 90 च्या पाइपाची भिंत 5.4 मिलिमीटर आणि आतला व्यास 79.2. आपल्याला हवे होते 83.6. तेव्हा 90 चा पाइप जास्त नाही, कमी आहे. पुढचा आकार 110. त्याची भिंत 6.6 आणि आतला व्यास 96.8. हीच वाहिनी 10 तासांची असती तर 76.8 लागले असते आणि 90 चा पाइप पुरला असता. दोन तासांनी पाइपाचा आकार बदलतो तो असा.

चुकीचा आकार किती महाग पडतो ते पाहू. 90 हा आतला व्यास समजून हेडलॉस काढला तर बेंड-व्हॉल्व्हसह 9.8 मीटर येतो. 14 च्या आत, सगळे छान. खरा आतला व्यास 79.2 घालून काढला तर 18.2 मीटर येतो. आपल्याजवळ एकूण 17 आहेत.

मग पाणी यायचे थांबेल का? नाही, आणि हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. पाण्याला आपला कागद माहीत नसतो. जेवढे हेड आहे तेवढेच ते खर्च करते आणि त्यात बसेल एवढा प्रवाह देते. 17 मीटर पूर्ण खर्ची घालून ही वाहिनी सेकंदाला 3.25 लिटर देईल, 8 तासांत 93,500 लिटर. आपण राखून ठेवलेले 3 मीटर पहिल्याच दिवशी संपले आणि तरी साडेतीन हजार लिटर कमी. काही वर्षांनी C 120 वर उतरला की तेच 80,000 च्या आसपास येईल. हेडलॉस जास्त झाला असे वाहिनी कधीच सांगत नाही. पाणी कमी आले, एवढेच ती सांगते.

दाबाच्या वर्गाबद्दल इथेच सांगून टाकतो. तो वाहत्या पाण्याच्या दाबावरून ठरवायचा नसतो. गावची टाकी भरली, फ्लोट व्हॉल्व्ह बंद झाला, की प्रवाह थांबतो आणि घर्षण शून्य होते. समजा वाहिनी वाटेत एक ओढा ओलांडते आणि तिथली पातळी 590 आहे. वरची टाकी 641 पर्यंत भरलेली असेल तर ओढ्यातल्या पाइपावर 51 मीटरचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 5 किलोचा स्थिर दाब येतो. व्हॉल्व्ह एकदम बंद झाला तर झटका आणखी वर. वर्ग बदलला की भिंत बदलते, भिंत बदलली की आतला व्यास बदलतो, आणि गणित पुन्हा करावे लागते. एका फेरीत व्यास निघत नाही, दोन फेऱ्या लागतात. घाईत दुसरी फेरी गाळली जाते.

आता 110 चा पाइप पूर्ण लांबीला टाकावा का? हेडलॉस 6.8 मीटर येतो. हवे होते 14 च्या आत. निम्म्याहून अधिक हेड वापराविना राहते. पैसा असेल तर काही बिघडत नाही. पण 90 आणि 110 यांच्या किमतीतला फरक अडीच किलोमीटरभर भरायचा म्हणजे छोट्या योजनेला जड. यावर जुना, सरळ उपाय आहे: काही लांबी 110 ची, काही 90 ची. 3.37 लिटरला 90 चा पाइप मीटरमागे 6.9 मिलिमीटर हेड खातो आणि 110 चा 2.6 मिलिमीटर. दोन्ही मिळून 12.73 मीटर बसवायचे. हिशेब केला की 90 चा पाइप सुमारे 1,500 मीटर आणि 110 चा 900 मीटर निघतो. पडताळा घ्या: 1,500 मीटरला 10.33, 900 मीटरला 2.33, बेरीज 12.66, 10 टक्के धरून 13.93. चौदाच्या आत, अगदी कडेला.

मोठा पाइप कुठे टाकायचा, वर की खाली? एकूण हेडलॉसला काही फरक पडत नाही. बेरीज तीच. म्हणून पुष्कळ वेळा हा निर्णय कोणी घेतच नाही. ज्या आकाराचे पाइप आधी येतात ते आधी पुरले जातात. आपल्या वाहिनीवर मात्र वरच्या टाकीपासून 900 मीटरवर एक खिंड आहे आणि तिथे पाइपाची पातळी 632 आहे.

आधी 90 चा पाइप टाकला असे समजू. खिंडीपर्यंत 900 मीटरला, 10 टक्के धरून, 6.8 मीटर हेड जाते. 638 मधून वजा केले की उरते 631.2. पाइप 632 वर. म्हणजे खिंडीत पाण्याची दाबरेषा पाइपाच्या 80 सेंटिमीटर खाली गेली. तिथे पाइपात हवेपेक्षा कमी दाब राहील. एअर व्हॉल्व्ह बसवला असेल तर तो हवा बाहेर टाकण्याऐवजी आत ओढेल, प्रवाह तुटक होईल आणि ठरलेले पाणी येणार नाही. एअर व्हॉल्व्ह नसेल तर पाण्यातली हवा सुटून उंचवट्यावर साचेल आणि जोडातून बाहेरचे घाण पाणी आत येण्याची वाट मोकळी होईल. पिण्याच्या वाहिनीत याहून वाईट काही नाही.

आता आधी 110 टाकून बघा. खिंडीपर्यंत 2.6 मीटर जातात, दाबरेषा 635.4 वर राहते, पाइपाच्या 3.4 मीटर वर. तेच पाइप, तीच लांबी, तोच खर्च. नुसता क्रम बदलला. सूत्राला खिंड माहीत नाही. सूत्र फक्त दोन टोकांमधला हिशेब सांगते. म्हणून व्यास काढून झाल्यावर वाहिनीचा लांबछेद कागदावर काढायचा आणि त्यावर दाबरेषा आखायची. लांबछेद न काढता ठरवलेला व्यास मी तरी मंजूर करणार नाही. या पुस्तिकेत त्याला एक पूर्ण प्रकरण दिले आहे आणि ते कोणी गाळू नये.

राखून ठेवलेल्या 3 मीटरचे उत्तरही आता देता येते. पाइप जुना होतो, आत थर बसतो, कुठे जोड तिरका लागलेला असतो. समजा सगळे मिळून C 140 वरून 126 वर आला, म्हणजे 10 टक्के उतरला. तेवढ्याच प्रवाहाला हेडलॉस 1.22 पट लागेल: 13.93 चे 16.9 होतील. 17 च्या आत, जेमतेम. आपले 3 मीटर म्हणजे C मधल्या 10 टक्के घटीची सोय, यापेक्षा जास्त काही नाही. ओतीव लोखंडाच्या वाहिनीला हे मुळीच पुरणार नाही. नव्या ओतीव लोखंडाचा C 130 असतो, पण तो गंजाच्या गाठींनी उतरत जातो आणि म्हणून डिझाइनला 100 धरण्याची पद्धत आहे. आतून सिमेंटचा लेप दिलेल्या डक्टाइल पाइपात हा त्रास बराच कमी. पाइपाचा प्रकार बदलला की C बदलतो, आणि ठेकेदाराने ऐनवेळी ‘हा नाही मिळाला, तो टाकतो’ म्हटले तर व्यासही पुन्हा तपासावा लागतो.

सूत्राच्या मर्यादा इथेच नोंदवतो. ते साध्या तापमानाच्या पाण्यासाठी आहे. तेलाला, दाट द्रवाला चालत नाही. सेकंदाला मीटरभर वेग आणि मध्यम व्यास असेल तिथे ते उत्तम बसते. वेग फार कमी किंवा फार जास्त झाला, किंवा पाइप घरगुती जोडणीएवढा बारीक असला, की C स्थिर राहत नाही आणि उत्तर सरकते. आपल्या 90 च्या पाइपात वेग 0.68 मीटर आणि 110 च्या पाइपात 0.46 मीटर येतो, तेव्हा आपण सूत्राच्या ओळखीच्या प्रदेशात आहोत. ज्याला अधिक काटेकोर हवे त्याने डार्सी-वाइसबाखची पद्धत वापरावी. तिच्यात पाण्याचा चिकटपणाही मोजला जातो. गावच्या वाहिनीला मात्र लेव्हलिंगमधली अर्ध्या मीटरची चूक या दोन सूत्रांतल्या फरकाहून अधिक नुकसान करते. 110 मधला कमी वेग शुद्ध पाण्याला चालतो. विहिरीचे किंवा ओढ्याचे गढूळ पाणी असते तर गाळ बसला असता. तसेही ओढ्यातल्या सखल जागी स्कावर व्हॉल्व्ह हवाच.

पंपाने वर चढवायच्या वाहिनीचा विचार पुस्तिकेच्या उत्तरार्धात आहे. तिथे परवानगीचा हेडलॉस जमीन ठरवत नाही. बारीक पाइप घेतला तर वीजबिल वाढते, जाड घेतला तर भांडवल. दोन्हींची बेरीज जिथे सर्वांत कमी तो व्यास. सूत्र तेच, प्रश्न वेगळा.

वाहिनी टाकून झाल्यावर ती खरेच ठरल्याप्रमाणे चालते का, हे तपासायला महागडे यंत्र लागत नाही. गावच्या टाकीचा आतला व्यास 6 मीटर असेल तर तिच्यात एका मीटर उंचीला 28 घनमीटर पाणी मावते. गावाकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करून वरून पाणी सोडा आणि तासाभरात पातळी किती चढते ते काठीने मोजा. 3.37 लिटरला ती 43 सेंटिमीटर चढली पाहिजे. 30 चढली तर प्रवाह 2.4 लिटरच्या आत आहे. आता कारण शोधायचे. पाणी वाहत असताना खिंडीत आणि आणखी दोन-तीन ठिकाणी दाबमापक लावून दाब घ्या, प्रत्येक ठिकाणची पातळी त्यात मिळवा आणि लांबछेदावर ती टिंबे जोडा. रेषा एका आकाराच्या पाइपभर सारखीच उतरत असेल, पण मोजलेल्या प्रवाहाला हिशेबाने यायला हवी त्याहून जास्त उतरत असेल, तर पाइप आतून खडबडीत आहे किंवा तो सांगितलेल्या व्यासाचा नाही. रेषा एका जागी पायरीसारखी खाली पडत असेल तर तिथे अडथळा आहे: अर्धा बंद राहिलेला व्हॉल्व्ह, अडकलेली हवा, किंवा खोदकामात चेपलेला पाइप. आणि वरच्या भागात रेषा वाजवीपेक्षा जास्त उताराची, पण खालच्या भागात सपाट असेल, तर वरून निघालेले पाणी मधेच कुठेतरी बाहेर जाते आहे. गळती किंवा न सांगता घेतलेली जोडणी. या तीन-चार टिंबांवरून कुठे खणायचे ते कळते. सगळी वाहिनी उकरण्याची वेळ येत नाही.

पुस्तिका वाचणाऱ्याला माझी एवढीच विनंती आहे की हे उदाहरण नुसते वाचू नये. आपल्या गावच्या वरच्या टाकीची नीचतम पातळी, खालच्या टाकीच्या तोंडाची पातळी, वाहिनीची लांबी आणि मिळणारे तास हे चार आकडे कागदावर लिहावेत आणि व्यास स्वतः काढावा. पाणी समितीच्या सदस्यांनी पाइप उतरवून घेताना पाइपाच्या कापलेल्या टोकाशी पट्टी धरून आतला व्यास मोजावा आणि तो मोजमाप पुस्तकात बाहेरच्या व्यासाशेजारी लिहून घ्यावा. पाइप पुरल्यानंतर ते मोजमाप घेता येत नाही.